चित्रांचं पुस्तक वाचून दाखवणारा व्हिडिओ: आधी आवाज, मग पान, झूम सगळ्यात शेवटी

माझा पहिला व्हिडिओ बघून चार वर्षांची भाची म्हणाली, "मावशी, तू मागे मागे का वाचतेस?" मला आधी कळेचना. मग परत बघितलं तर एडिटरमधलं पान उलटायचं रेडीमेड इफेक्ट डावीकडून उजवीकडे जात होतं, म्हणजे गोष्ट पुढे आणि पानं मागे. मोठ्या माणसांपैकी एकालाही हे दिसलं नव्हतं. रोज हातात पुस्तक धरणाऱ्या पोरांना ते लगेच खटकतं, आणि एकदा खटकलं की गोष्ट बाजूला राहते आणि लक्ष त्या पानावर जातं. तर हे सगळं मी जसं करत गेले आणि चुकत गेले तसं लिहितेय, आणि उदाहरणाला माझीच एक गोष्ट घेतेय, गोगी नावाच्या गोगलगायीची, एकूण 12 जोडपानं, चित्रं हाताने काढलेली.

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू. दुकानातून आणलेलं पुस्तक स्कॅन करून त्याचा व्हिडिओ नेटवर टाकता येत नाही, पुस्तक तुम्ही विकत घेतलं असलं तरी. घरच्या घरी पोराला दाखवायला ठीक, पण अपलोड करायचं असेल तर चित्रं आणि मजकूर तुमचे हवेत, किंवा परवानगी हवी, किंवा पुस्तक क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सवर हवं. त्यातही CC BY असेल तर नाव देऊन वापरा, नावात ND असेल तर सोडून द्या कारण त्यात बदल करून काही बनवायची मुभा नसते, आणि NC असेल तर त्यातून पैसे कमवायचे नाहीत.

चित्रं कॉम्प्युटरवर आणणं

माझी पानं A5 आहेत, म्हणजे उघडं जोडपान A4 आडवं. ते 300 dpi वर स्कॅन केलं की साधारण 3508 × 2480 पिक्सेल मिळतात. व्हिडिओची फ्रेम आहे 1920 × 1080, त्यामुळे झूमसाठी भरपूर जागा उरते. 600 वर स्कॅन करायचा मोह होतो पण काही फायदा नाही, फक्त एडिटर रडत रडत चालतो. छापील पान स्कॅन करणार असाल तर स्कॅनरच्या सेटिंगमध्ये descreen असेल ते चालू करा, नाहीतर छपाईचे बारीक ठिपके झूम होताना पाण्यासारखे लुकलुकतात, आणि ते नंतर काढणं कठीण. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, फोन पानाला अगदी समांतर धरून फोटो काढा. समांतर आहे की नाही हे पानाच्या कडांवरून कळतं, वरची कड खालच्यापेक्षा छोटी दिसली म्हणजे फोन कललाय.

चित्रावर मजकूर लिहू नका, रिकामी जागा सोडा. का ते पुढे येईलच.

आवाज आधी, बाकी सगळं नंतर

नवीन माणूस हमखास इथेच चुकतो. आधी चित्रं टाइमलाइनवर लावतो, प्रत्येकाला पाच पाच सेकंद देतो, मग त्यावर वाचायला बसतो. मग काय होतं, वाचन चित्राच्या मागे धावतं, एका पानावर घाई, दुसऱ्यावर उगाच रेंगाळणं. उलटं करा. आधी पूर्ण गोष्ट रेकॉर्ड करा, आणि मग आवाजाला चित्रं जोडा.

रेकॉर्डिंगला महागडा माईक लागत नाही, शांत खोली लागते. पडदे, गादी, कपड्यांनी भरलेलं कपाट असलेली खोली घ्या, पंखा बंद करा, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला ठेवा, अगदी समोर ठेवला की प आणि फ ला फुस्स फुस्स होतं. सुरुवातीला दहा सेकंद काही न बोलता नुसती खोली रेकॉर्ड करा, हे दहा सेकंद नंतर दोन ठिकाणी लागतात. चुकलात तर थांबू नका, एक टाळी वाजवा आणि ते वाक्य पहिल्यापासून परत म्हणा, टाळीची उंच रेघ वेव्हफॉर्ममध्ये लांबूनच दिसते आणि कुठे कापायचं ते कळतं. आणि सगळी गोष्ट एकाच बैठकीत वाचा. मी एकदा सहा पानं रात्री आणि सहा दुसऱ्या दिवशी सकाळी वाचली, तर गोगी मध्येच सर्दी झाल्यासारखी बोलायला लागली.

आता वाचायचं कसं. हळू वाचा असं सगळे सांगतात, म्हणून लोक एकेक शब्द ताणत बसतात आणि ते फार कंटाळवाणं होतं. शब्द नेहमीच्याच वेगाने म्हणा, थांबे मोठे घ्या. पोराला ऐकायला वेळ लागत नाही, चित्र बघायला लागतो. तो वेळ वाक्यांच्या मधल्या शांततेतून द्यायचा. दुसरं म्हणजे पान संपताना आवाज कुठे ठेवता ते बघा. आपल्याला सवय असते वाक्य संपलं की आवाज खाली आणायची. पण माझ्या चौथ्या जोडपानाचा मजकूर असा आहे:

"गोगीने हळूच शिंगं बाहेर काढली. इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. आणि पानाखाली तिला काय दिसलं..."

आणि पाचव्या पानावर फक्त, "एक पिवळं छत्र!" (ती अळंबी आहे, पण गोगीला माहीत नाही.) इथे "दिसलं" वर आवाज खाली आला की गोष्ट तिथेच संपल्यासारखी वाटते आणि पान उलटण्यात काही मजा राहत नाही. आवाज वर लटकता ठेवायचा, आणि मग गप्प बसायचं. मी हे वाक्य अकरा वेळा म्हटलं असेल, शेवटी समोर भाचीला बसवलं आणि तिच्याकडे बघून म्हटलं, तेव्हा जमलं.

साफसफाई ऑडॅसिटीमध्ये करा, फुकट आहे. त्या रिकाम्या दहा सेकंदांतला तुकडा सिलेक्ट करून Noise Reduction मध्ये Get Noise Profile दाबा, मग सगळा आवाज सिलेक्ट करून तोच इफेक्ट लावा, 6 ते 12 dB च्या मध्ये. जास्त लावला की आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो, स आणि श ऐकलेत की पकडता येतं. मग Loudness Normalization ने आवाजाची एकूण पातळी -16 LUFS वर आणा. आणि वाक्यांच्या मधल्या थांब्यात पूर्ण शून्य शांतता टाकू नका, तिथे खोलीच्या आवाजाचा तुकडा चिकटवा, नाहीतर प्रत्येक थांब्याला स्पीकर बंद पडल्यासारखं वाटतं.

एका पानाचा हिशोब

मी शॉटकट वापरते, तेही फुकट आहे, पण ज्या एडिटरमध्ये चित्राची रुंदी आणि उंची वेगवेगळी बदलता येते आणि कीफ्रेम, म्हणजे कुठल्या क्षणी चित्र कुठे आणि केवढं असावं याच्या खुणा, लावता येतात असं कुठलंही चालेल. प्रोजेक्ट 1080p, 30 fps. आवाजाची फाइल खाली टाका, ऐकत ऐकत जिथे पान उलटायला हवं तिथे मार्कर टाका, आणि थांबे कमी जास्त वाटले तर आत्ताच आवाज कापून सरकवून ठीक करा.

माझं चौथं पान असं बसलं. पहिले 0.8 सेकंद पान उलटून येतंय. मग एक सेकंद काहीच नाही, पोरगं नवीन चित्र बघतंय. 1.8 ला पहिलं वाक्य सुरू, 4.8 ला संपतं. 5.5 ला "इकडे पाहिलं", 7.3 ला "तिकडे पाहिलं", 9.1 ला "आणि पानाखाली", ते 11.3 ला संपतं. मग 1.7 सेकंद पूर्ण शांतता, आणि 13 व्या सेकंदाला पान उलटायला लागतं. म्हणजे 13 सेकंदांत मी बोलते जेमतेम 7, बाकी वेळ चित्र बोलतंय. टाइमलाइनवर बघताना ही शांतता भयंकर लांब वाटते, हात शिवशिवतात कापायला. कापू नका. एडिटिंग करताना आपण तेच चित्र चाळीस वेळा पाहिलेलं असतं, पोरगं पहिल्यांदा बघतंय.

झूम

झूम मी 8 टक्क्यांच्या पुढे नेत नाही. 100 वरून 108, तोही सहा सात सेकंदांत. झूम होतोय हे लक्षात आलं म्हणजे तो जास्त झाला. माझ्या पहिल्या व्हिडिओत 140 टक्के होता, प्रत्येक पानावर, आणि एका मैत्रिणीने बोटीत बसल्यासारखं वाटतं म्हणून सांगितलं.

प्रत्यक्ष आकडे सांगते म्हणजे करून बघता येईल. माझं जोडपान 1000 पिक्सेल उंच ठेवते, म्हणजे रुंदी 1414 येते, आणि फ्रेमच्या मध्यावर बसवलं की त्याची डावी वरची कोपऱ्याची जागा 253, 40. मागे कागदाच्या रंगाचा साधा क्लिप, कारण बाजूला काळे पट्टे दिसले तर ते पुस्तक वाटत नाही. आता चित्राला Size, Position & Rotate फिल्टर लावा आणि दोन कीफ्रेम द्या. पहिली, जागा 253, 40 आणि साइझ 1414 × 1000. दुसरी 108 टक्क्यांची, साइझ 1527 × 1080. बरोबर मध्यावर झूम हवा असेल तर दुसरीची जागा 196, 0. पण गोगी काय मध्यावर नाहीये, ती उजव्या पानावर आहे, फ्रेममध्ये साधारण 1300, 400 ला. तो बिंदू जागचा हलू नये असं हवं असेल तर बिंदूपासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर 1.08 ने गुणून बिंदूतून वजा करायचं. 1300 वजा 253 म्हणजे 1047, गुणिले 1.08 म्हणजे 1131, म्हणून नवीन जागा 1300 वजा 1131 बरोबर 169. उभ्याचं तसंच केलं की 11 येतं. 196 ऐवजी 169, फरक फक्त 27 पिक्सेलचा, पण यात गोगी स्थिर राहते आणि बाकी जग तिच्याभोवती हळूच मोठं होतं, तर मध्यावरच्या झूममध्ये गोगीच बाजूला घसरत जाते.

कीफ्रेमचा प्रकार Linear ठेवू नका, Smooth करा. लिनियरमध्ये चित्र धक्का बसून सुरू होतं आणि धक्का बसून थांबतं.

आता जी गोष्ट मला कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगितली नाही ती. पान उलटायचं असतं 100 टक्क्यांच्या चित्रावर, आणि तुमचा झूम संपलेला असतो 108 वर. मग पान उलटायला लागायच्या क्षणी चित्र टुणकन उडी मारतं. उपाय म्हणजे पान उलटायच्या आधी झूम परत 100 वर आणा. चौथ्या पानावर मी 1.8 ते 8.3 आत जाते, तिथे जरा थांबते, आणि 9.1 ला "आणि पानाखाली" सुरू झालं की हळूहळू मागे यायला लागते, 12.6 पर्यंत पूर्ण मागे. त्यामुळे झालं काय की ते वाक्य ऐकताना सगळं चित्र परत उघडतं आणि कोपऱ्यातलं ते पान दिसायला लागतं. खरं तर उडी टाळायला केलं होतं, पण गोष्टीलाच बरं पडलं. शेवटचे 0.4 सेकंद चित्र पूर्ण स्थिर. आणि पाचव्या पानावर झूमच नाही, छत्र दिसलंय ना, बघू दे निवांत. 12 पैकी पाच पानांवर माझा झूम आहे, बाकीची नुसती उभी.

पान उलटणं

रेडीमेड पेज कर्ल बहुतेक वेळा भडक असतात आणि दिशा आधी तपासावी लागते. मराठी पुस्तकात उजवं पान डावीकडे जातं, बस. मी ते हाताने करते, तेवढं अवघड नाही. प्रत्येक जोडपानाचे मधोमध दोन तुकडे करून ठेवायचे. इमेजमॅजिक हा कमांडवर चालणारा प्रोग्राम असेल तर एका ओळीत होतं:

```
magick p04.png -crop 50%x100% +repage p04-%d.png
```

यातून p04-0.png म्हणजे डावा आणि p04-1.png म्हणजे उजवा तुकडा मिळतो. नाहीतर कुठल्याही फोटो एडिटरमध्ये कापा.

चौथ्यावरून पाचव्यावर जायचं तर खालच्या दोन ट्रॅकवर चौथ्याचा डावा तुकडा आणि पाचव्याचा उजवा तुकडा स्थिर ठेवा, कारण पान उचललं की खाली हेच दिसणार. वरच्या ट्रॅकवर चौथ्याचा उजवा तुकडा, त्याची डावी कड 960 ला खिळवलेली, रुंदी 707 वरून 12 फ्रेममध्ये जवळजवळ शून्यावर. मी शून्य न लिहिता 4 लिहिते, शून्यावर काही एडिटर गडबडतात. तो संपला की लगेच पाचव्याचा डावा तुकडा, त्याची उजवी कड 960 ला, रुंदी 4 वरून 707 वर, पुढच्या 12 फ्रेममध्ये, म्हणजे जागा 956 वरून 253 पर्यंत सरकते. फिल्टरमध्ये Distort निवडा, नाहीतर चित्र चेपायच्या ऐवजी नुसतं छोटं होईल. एकूण 24 फ्रेम, 0.8 सेकंद.

वेग सारखा ठेवला तर दार सरकवल्यासारखं दिसतं. खरं पान हळू उचललं जातं, उभं राहताना भरकन जातं, आणि बसताना परत हळू. त्यामुळे पहिल्या 12 फ्रेम सुरुवातीला हळू आणि शेवटी वेगात, दुसऱ्या 12 याच्या उलट. तेवढ्या वेळापुरती हलणाऱ्या तुकड्यावर किंचित काळसर छटा टाकली की पानाला जाडी आल्यासारखं वाटतं. एकदा हे जमलं की तेच तुकडे कॉपी करून पुढच्या पानांना फक्त चित्रं बदलायची.

पानाचा सळसळ आवाज स्वतः रेकॉर्ड करा, एखाद्या जाडसर वहीचा, आणि चित्रापेक्षा तीन चार फ्रेम आधी लावा, आपल्या बोटांचा आवाज पान हलायच्या आधीच येतो. आवाज अगदी बारीक. पार्श्वसंगीत मी टाकत नाही, वर मांडलेली सगळी शांतता ते खाऊन टाकतं.

अक्षरं

मजकूर वेगळ्या ट्रॅकवर, म्हणून तो झूमबरोबर हलत नाही आणि कापलाही जात नाही. नवीन चित्र बसल्यावर अर्ध्या सेकंदात येऊ द्या, पान उलटायच्या अर्धा सेकंद आधी विरू द्या. एडिटरच्या टायटल टूलमध्ये देवनागरी टाकलीत तर आधी "हळूच शिंगं, क्षण, पिवळं छत्र" असं काहीतरी लिहून बघा. पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर आली किंवा जोडाक्षर पाय मोडून दिसलं तर त्या टूलच्या नादी लागू नका, इंकस्केपमध्ये लिहून पारदर्शक PNG करून आणा. फॉन्ट मुक्ता किंवा बालू सारखा गोल आणि ठसठशीत घ्या, फक्त ल आणि श कसे दिसतात ते बघून घ्या, काही फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात आणि नुकतं वाचायला शिकणारं पोर तिथे अडतं.

एक्सपोर्ट MP4, H.264, आवाज AAC, झालं. यूट्यूबवर टाकताना मुलांसाठी आहे असं सांगावं लागतं, आणि तसं सांगितलं की कमेंट बंद होतात, त्यामुळे कुणी काही कळवेल म्हणून वाट बघू नका.

त्याऐवजी अपलोडच्या आधी एक काम करा. व्हिडिओ फोनवर लावा, एखाद्या लहान पोराच्या हातात द्या, आणि स्क्रीनकडे न बघता पोराच्या डोळ्यांकडे बघा. डोळे चित्रावर फिरतायत तोवर पान उलटलं तर तिथला थांबा कमी पडला. डोळे स्क्रीन सोडून इकडे तिकडे गेले तर तिथे जास्त झाला. मी कागदावर नुसते पानाचे नंबर लिहून पुढे कमी किंवा जास्त अशी खूण करते, आणि मग त्या थांब्यांमध्ये अर्धा अर्धा सेकंद टाकते किंवा काढते. गोगीच्या दुसऱ्या फेरीत तीन पानं बदलली. चौथं नाही बदललं, कारण तिथे त्या 1.7 सेकंदांच्या शांततेत भाचीने फोनवर बोट ठेवलं होतं, पान स्वतःच उलटायला.